एक महिना, पन्नास हजार आणि कुठेही

मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या बाहेरच्या व्हरांड्यात उभी होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात सातवी 'ब'च्या वह्या. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्याला दुसराच आठवडा होता. फोन वाजला. अनोळखी नंबर. "मॅडम, दो मिनट बात कर सकते हैं?" असा एक तरुण आवाज. ऑक्टोबरात मी पुण्याच्या एका कंपनीकडे अर्ज केला होता, शाळेच्या पुस्तकांचा मराठी आणि उर्दू मजकूर तपासण्याच्या कामासाठी. त्या अर्जाचा हा फोन. तो मुलगा थेट कंपनीतला नव्हता. कंपनीसाठी माणसं शोधून देणाऱ्या एका संस्थेत कामाला होता.

दोन मिनिटांची नऊ मिनिटं झाली. कामाचा अनुभव, कोणकोणत्या इयत्ता शिकवल्या, उर्दू टंकलेखन येतं का, हे सगळं नीट झालं. शेवटी त्याने तीन प्रश्न विचारले आणि मी तिन्हीची उत्तरं घाईघाईत दिली. नोटीस किती दिवसांची? मी म्हटलं, एक महिना. पगार किती अपेक्षित आहे? मी म्हटलं, "पचास तक." मुलांच्या गोंगाटात तो काहीतरी म्हणाला, "पाँच ना?" असं असावं, तेवढ्यात घंटा झाली आणि मी "हाँ, हाँ" म्हणून टाकलं. ठिकाणाचं विचारलं तेव्हा म्हटलं, "कहीं भी चलेगा, भाई." वीस वर्षं वर्गात उभी आहे, पण नोकरीसाठी फोनवर बोलायची वेळ आली की माझी अजूनही बीएडच्या पहिल्या सराव पाठासारखी गत होते. समोरचा नाही म्हणू नये, एवढंच डोक्यात असतं.

संध्याकाळी त्याचं ईमेल आलं. आभार, पुढे कळवतो, आणि खाली त्याने लिहून घेतलेल्या तीन ओळी. नोटीस तीस दिवस. अपेक्षित सीटीसी पाच लाख. ठिकाण, कुठेही जाण्याची तयारी. त्याखाली लिहिलं होतं की यात काही चूक असेल तर कळवा, उद्या संध्याकाळी तुमची माहिती कंपनीकडे जाईल.

तिन्ही ओळी चुकीच्या होत्या. त्यातल्या दोन माझ्यामुळे, आणि एक घंटेमुळे.

मला वाटत होतं की हे फोन म्हणजे तोंडओळख, खरं बोलणं पुढे मुलाखतीत होईल. तसं नसतं, हे माझ्या भाच्याने सांगितलं. तो पुण्यात एका कारखान्याच्या एचआर खात्यात आहे. रात्री त्याला फोन केला तर आधी हसला. म्हणाला, "खाला, पुढचा माणूस तुमचा बायोडेटा शेवटी बघतो. आधी त्याच्यासमोर तक्ता येतो. नाव, अनुभव, नोटीस, पगार, ठिकाण. तीस दिवस लिहिलं असेल तर तो तीस दिवसांचा हिशोब धरून काम वाटून मोकळा होतो. नंतर तुम्ही नव्वद म्हणालात तर तुम्ही खोटं बोललात असं होतं. आज रात्री सांगितलं तर फक्त दुरुस्ती होते."

मग मी बसले. सासूबाईंना औषध दिलं, मुलीला अभ्यासाला बसवलं (यंदा दहावी आहे) आणि लोखंडी कपाटातली नोकरीची फाईल काढली.

आधी नोटिशीचं. एक महिना हे मी हवेतून काढलं नव्हतं. माझ्या पहिल्या नेमणूकपत्रात तसंच लिहिलेलं आहे. पण त्या पत्रामागे दुसरं एक पत्र होतं, जे मी विसरूनच गेले होते. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ संपल्यावर संस्थेने दिलेलं कायम झाल्याचं पत्र. आमची शाळा विनाअनुदानित, खाजगी, पण मान्यताप्राप्त. अशा शाळांना महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ लागू होतो आणि त्याखाली १९८१ची नियमावली आहे. बीएडला शालेय व्यवस्थापनाच्या पेपरासाठी आपण हे सगळं पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. नियमावलीतला चाळिसावा नियम राजीनाम्याचा. कायम नसलेल्याने एक महिन्याची नोटीस द्यायची, कायम असलेल्याने तीन महिन्यांची. म्हणजे माझी नोटीस तीन महिन्यांची. नेमणूकपत्रातला एक महिना हा मी कायम होण्याआधीचा होता.

त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे, जी शिक्षकांखेरीज दुसऱ्या कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. आपली नोटीस सुट्टीत देता येत नाही, आणि अशीही देता येत नाही की तिचा काही भाग सुट्टीवर पडेल. शिवाय वर्षाचं पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर नोटीस देता येत नाही. वाचताना सोपं आहे. कॅलेंडर समोर ठेवलं की त्याचा अर्थ कळतो. आमच्याकडे उन्हाळ्याची सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते. तीन महिने त्याआधी संपवायचे तर नोटीस जानेवारी अखेरपर्यंत पडायला हवी. फेब्रुवारीत दिली तर ती मेमध्ये घुसते. मग थांबा. मे सुट्टीचा, जूनच्या मध्यात शाळा सुरू, त्यापुढचा एक महिना बंदीचा. म्हणजे नोटीस जुलैच्या मध्यात. तिथून तीन महिने मोजले की ऑक्टोबरचा मध्य येतो, आणि दिवाळीची सुट्टी लवकर असेल तर पुन्हा तोच घोळ.

म्हणजे कंपनीने जानेवारीत लेखी नेमणूक दिली तर मी एप्रिल अखेर मोकळी, आणि फेब्रुवारीत दिली तर नियमाने ऑक्टोबर. पंधरा दिवसांचा उशीर आणि सहा महिन्यांचा फरक! त्या पोराला हे कसं माहीत असणार? त्याने आजवर संगणकवाल्यांच्या आणि बँकवाल्यांच्या नोटिसा पाहिलेल्या. त्यांच्याकडे नव्वद दिवस म्हणजे नव्वद दिवस, मग ते मेमध्ये येवोत की मोहरममध्ये.

सुटकेची वाट नियमातच आहे. नोटिशीचे जितके दिवस कमी पडतील तितक्या दिवसांचा पगार संस्थेला भरून लवकर जाता येतं. हा पगार भत्ते सोडून धरायचा आहे. माझ्या हातात महिन्याला २८,५०० येतात, पण त्यातला मूळ पगार १५,०००, बाकी भत्ते. तेव्हा पूर्ण तीन महिने विकत घ्यायचे तर ४५,००० आणि पंधरा दिवस घ्यायचे तर ७,५००. काही कंपन्या ही रक्कम नव्या माणसाला भरून देतात. भाचा म्हणाला, "तुम्ही आधी देऊ नका म्हणू, देईन पण म्हणू नका. रक्कम किती ते फक्त लिहा. ते विचारतील." त्याच्या बोलण्यातला हा भाग मला पटला. जो आकडा खरा आहे तो सांगायचा, त्याचं ओझं कुणी उचलायचं ते नंतर.

आणि नोटीस सुरू कधी होणार? मी फोनवर ज्या उत्साहात होते त्या उत्साहात दुसऱ्या दिवशीच राजीनामा लिहून आले असते. आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी तसं केलं होतं. फोनवर "आपका सिलेक्शन हो गया समझिए" ऐकलं, राजीनामा दिला आणि त्या जागेची भरतीच रद्द झाली. संस्थेने राजीनामा परत दिला नाही. म्हणून पत्रात हे लिहायचंच की तीन महिने लेखी ऑफर हातात आल्यानंतर, राजीनामा दिल्याच्या तारखेपासून मोजायचे, आजच्या फोनपासून नव्हे.

आता पगार. हे मला सर्वांत जड गेलं, कारण त्याने लिहिलेले पाच लाख वाचून मला आधी आनंदच झाला होता. पाच लाख! मग मनात भागाकार केला. बाराने भागले तर ४१,६६७. मी पन्नास म्हणाले होते, हे एक्केचाळीस. चला, आठ हजारांचाच फरक, असं स्वतःला समजावलं. भाचा म्हणाला, "खाला, सीटीसीला बाराने भागायचं नसतं." सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च. त्यातलं काही आपल्या हातात कधी येत नाही आणि काही फार उशिरा येतं.

त्याने फोनवर सांगितलं, मी मुलीच्या रफ वहीत लिहिलं. पाच लाखांत मूळ पगार निम्मा धरू, म्हणजे अडीच लाख. कंपनी भविष्य निर्वाह निधीत आपला जो वाटा भरते तो सीटीसीतच धरलेला असतो. पुष्कळ कंपन्या तो १५,०००च्या मर्यादेवर बारा टक्के, म्हणजे महिन्याला १,८०० भरतात. वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे १२,०२५. ती साधारणपणे पाच वर्षं नोकरी केली तरच मिळते, पण दरवर्षी सीटीसीत मोजली जाते. हे दोन्ही वजा केले की उरले ४,६६,३७५. महिन्याला ३८,८६४. त्यातून आपला निधीचा वाटा पुन्हा १,८००, आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात येणार साधारण ३६,९००. आयकर या उत्पन्नावर नव्या पद्धतीत लागत नाही, तेवढंच समाधान.

एवढ्यावर संपत नाही. कंपनीने सीटीसीतले दहा टक्के 'व्हेरिएबल' ठेवले, म्हणजे वर्षाअखेरी काम पाहून द्यायचे, तर दर महिन्याच्या हातातल्या पगारातून आणखी चार हजार गेले. उरले साधारण ३२,७००. मी आज सोलापुरात स्वतःच्या घरात राहून २८,५०० घेते. पुण्यात भाड्याने राहून ३२,७०० घेणार? घंटेच्या त्या एका आवाजाने मी स्वतःला गरीब करून घेतलं होतं.

मग उलटा हिशोब मांडला. हातात ५०,००० हवेत. त्यात निधीचे १,८०० आणि कराचे २०० मिळवले, ५२,०००. वर्षाचे ६,२४,०००. कंपनीचा निधीचा वाटा २१,६०० आणि ग्रॅच्युइटी धरली की सीटीसी येतो साधारण ६ लाख ६० हजार, तोही सगळा पक्का, व्हेरिएबल नसलेला. पाच आणि सहा-साठ यांत फार अंतर आहे. मला लिहायची लाज वाटायला लागली. मी माझ्या सध्याच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट मागतेय, हे तो मुलगा बघणार. भाच्याला म्हटलं, सध्याचा पगार थोडा वाढवून सांगू का? तो गंभीर झाला. पुढे तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागतात, बँकेचं पासबुकसुद्धा मागतात. आकडा जुळला नाही तर ऑफर आल्यावरही जाते. म्हणून २८,५०० तसेच लिहायचे. दुप्पट का, याचं उत्तर माझ्या शाळेच्या पगारात शोधू नये. ते त्या कामात आहे. मराठी आणि उर्दू, दोन्ही लिप्या, दोन्ही माध्यमांची पाठ्यपुस्तकं वर्गात शिकवलेला माणूस त्यांना हवाय. असा माणूस स्वस्त मिळत असेल तर त्यांनी जरूर घ्यावा.

तरी पन्नास हजारांचा आकडा मी आणला कुठून? याचा विचार केल्यावर तिसरा प्रश्न उघडला, ठिकाणाचा. पन्नास हजार मी पुण्याचं घरभाडं धरून मनात ठरवले होते. भाडं नसेल तर मला एवढे लागत नाहीत. म्हणजे पगार आणि ठिकाण ही दोन उत्तरं वेगळी नव्हतीच. "कुठेही चालेल" म्हणून मी माझाच हिशोब तोडला होता.

कुठेही चालणार नाही, हे तर घरातल्या भिंतींनाही माहीत आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. मुलीची दहावीची परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत चालते. मिस्टरांचं दुकान सोलापुरात. मुंबई किंवा हैदराबाद म्हटलं तर मी उद्याच नकार देणार, मग "कुठेही" या शब्दाचा उपयोग काय? पुणे होऊ शकतं, पण पुणे म्हणजेही एक गाव नव्हे. माझा धाकटा भाऊ कोंढव्यात राहतो. आम्हाला घर मिळालं तर तिथेच किंवा कॅम्पाच्या आसपास मिळेल. बाकी ठिकाणी फोनवर सगळं ठरतं, आणि आडनाव सांगितलं की घर कालच दुसऱ्याला दिलेलं निघतं. भावाने हे दोनदा पाहिलंय. कंपनीचं कार्यालय हिंजवडीत असेल तर कोंढव्याहून ते शहराचं अगदी दुसरं टोक. रोज जाऊन येऊन तीन-चार तास रस्त्यावर. त्या मुलाने फोनवर फक्त "पुणे लोकेशन" म्हटलं होतं. कार्यालय नेमकं कुठे आणि आठवड्यात किती दिवस यायचं, हे मी विचारलंच नव्हतं. आता विचारायला हवं होतं.

हे रिक्रूटरला किती सांगायचं? सासूबाईंचे गुडघे त्याच्या तक्त्यात बसत नाहीत. घर न मिळण्याचं दुःखही नाही. मी पहिला मसुदा लिहिला तो दीड पानाचा झाला होता, त्यात मुलीचे नववीचे टक्केसुद्धा होते. भाच्याने परत पाठवला, खाली एकच ओळ, "खाला, यह अर्जी नहीं है." खरंच होतं. रजेचे अर्ज लिहून लिहून आपल्याला प्रत्येक मागणीमागे दुखणं जोडायची सवय लागते. कारणं काढून टाकली. निर्णय ठेवले.

मी पत्र इंग्रजीत पाठवलं. त्याने ज्या ईमेलमध्ये तीन ओळी लिहिल्या होत्या त्यालाच उत्तर म्हणून, म्हणजे त्याचं आणि माझं एकाखाली एक राहावं. मराठीत ते असं आहे.

"नमस्कार. आज दुपारच्या फोनबद्दल आभार. तुम्ही नोंदवलेल्या तिन्ही मुद्द्यांत दुरुस्ती आहे. फोनवर मी घाईत अपुरी माहिती दिली, त्याबद्दल क्षमस्व. कृपया कंपनीला पुढील माहिती द्यावी.

नोटीस : मी मान्यताप्राप्त खाजगी शाळेत कायम शिक्षिका आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे माझी नोटीस ३० दिवसांची नसून तीन महिन्यांची आहे. लेखी ऑफर मिळाल्यावर मी राजीनामा देईन आणि त्या तारखेपासून तीन महिने मोजले जातील. १५ डिसेंबरला राजीनामा दिल्यास १६ मार्चला रुजू होऊ शकते. शाळेच्या नियमांनुसार नोटिशीचा काळ उन्हाळी सुट्टीवर येता कामा नये, म्हणून ऑफर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मिळणं आवश्यक आहे. त्यानंतर मिळाल्यास रुजू होण्याची तारीख बरीच पुढे जाईल. कमी पडणाऱ्या नोटिशीबद्दल रक्कम भरण्याची सोय नियमात आहे, ती माझ्या बाबतीत महिन्याला १५,००० रुपये होते.

पगार : सध्या हातात महिन्याला २८,५०० रुपये मिळतात. अपेक्षा पुण्यात राहून काम करायचं असल्यास वार्षिक ६.६ लाख, पूर्णपणे निश्चित. सोलापुरातून घरून काम करायचं असल्यास ६ लाख, पूर्णपणे निश्चित. फोनवर मी महिन्याला पन्नास हजार म्हणाले होते, ते पाच लाख असं ऐकू गेलं असावं. कंपनीच्या रचनेत व्हेरिएबल भाग असल्यास त्याचं प्रमाण कळवावं.

ठिकाण : पहिली पसंती सोलापुरातून घरून काम आणि महिन्यातून ठरलेले दिवस पुणे कार्यालयात. दुसरी पसंती पुणे. पुण्याबाहेर स्थलांतर शक्य नाही. कार्यालयाचा पत्ता आणि आठवड्यातून किती दिवस प्रत्यक्ष यावं लागेल, हे कळवल्यास दुसऱ्या पसंतीबद्दल नक्की सांगू शकेन.

दुरुस्त माहिती पुढे गेल्याचं एका ओळीत कळवावं, ही विनंती."

घरून काम केलं तर सहा लाख का, तेही वहीत मांडलं होतं. त्याच पद्धतीने वजाबाकी केली की हातात ४५,००० च्या जवळ येतात. भाडं नाही, सासूबाईंचा डॉक्टर बदलायचा नाही. मला पुण्यातल्या पन्नासापेक्षा सोलापुरातले पंचेचाळीस मोठे वाटतात. आकडे दोन दिल्यामुळे ते खालचाच धरतील, अशी भीती भाच्याला होती. म्हणून प्रत्येक आकड्याला त्याचं गाव बांधून टाकलं. सहा लाख हवे असतील तर मला सोलापुरात ठेवावं लागेल.

शेवटची ओळ भाच्याने आग्रहाने घालायला लावली. आपण दुरुस्ती पाठवतो आणि समजतो की ती पोहोचली. दिवसाला चाळीस फोन करणारा माणूस ईमेल वाचेल, पण तक्ता बदलेलच असं नाही. त्याने "बदललं" असं लिहून दिलं तर तो बदलतो.

रात्री पावणेअकराला पाठवलं. नवरा म्हणाला, आता ते बोलावणारच नाहीत. मलाही तसंच वाटत होतं. सकाळी फजरला उठले तेव्हा पहिल्यांदा फोन पाहिला, हे कबूल करते. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, पुन्हा मधल्या सुट्टीतच, त्याचं उत्तर आलं. "अपडेटेड, मॅडम." बस्स. तीन दिवसांनी त्याचा फोन. या वेळी मी ग्रंथालयाच्या खोलीत गेले, दार लावलं आणि वही समोर ठेवली.

नव्वद दिवस ऐकून कंपनीने नाक मुरडलं होतं, असं त्याने मोकळेपणाने सांगितलं. पण उर्दूचं काम मार्चनंतरच सुरू व्हायचं आहे, म्हणून नाव काढलं नाही. सहा-साठ होणार नाही. सहावर घरून, महिन्यातून चार दिवस पुण्यात, याचा विचार होऊ शकतो. कार्यालय हिंजवडीतच आहे. पंधरा दिवस लवकर येता येईल का, असं विचारलं. मी म्हटलं, येता येईल, ७,५०० भरावे लागतात, ते कोण भरणार ते विचारून सांगा. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "लिख लेता हूँ." मी म्हटलं, आणि चार दिवस सलग की दर आठवड्याला एक, तेही लिहून घ्या. सलग असतील तर भावाकडे मुक्काम होतो. दर आठवड्याला एक असेल तर सोलापूर-पुणे रेल्वेची तिकिटं काढण्यातच माझा पगार जाईल. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, आप ईमेल कर दीजिए."

त्याच रात्री दुसरं ईमेल केलं, या वेळी सहा ओळींचं. पुढच्या शनिवारी त्यांची चाचणी झाली. आठवीचा विज्ञानाचा एक उर्दू पाठ त्यांनी दिला होता, मराठीवरून केलेला. त्यात 'घनता'साठी एका पानावर एक शब्द आणि पुढच्या पानावर दुसरा होता. सापडला. आणखीही बरंच काही सापडलं.

ऑफर लेटर अजून आलेलं नाही. कायद्याने राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या असतात, दोन्हींवर सही आणि तारीख, एक संस्थेला नोंदणीकृत टपालाने आणि एक आपल्यापाशी. दोन्ही हाताने लिहून त्याच फाईलमध्ये, कायम झाल्याच्या पत्रामागे ठेवल्या आहेत. तारखेची जागा कोरी आहे. मुलीने कॅलेंडरवर ३१ जानेवारीला तांबडा गोल केलाय आणि रोज जाता-येता विचारते, "अम्मी, आया क्या?"